तेच पाच सूर

देशकार म्हणायला बसलो की माझ्या गळ्यातून भूप निघायचा. दोन्ही रागांत सूर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. मग फरक कुठे आहे, हेच मला कळत नव्हतं.

मी सावनेरकडचा. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गाणं शिकलो ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, कीबोर्डवर. तिथे याच पाच सुरांना 'पेंटाटॉनिक स्केल' म्हणत. त्यातला कुठलाही सूर दाबा, कुठेही थांबा, चूक होत नसे. शेवटी सा वर आलात की झालं.

संगीताच्या प्रात्यक्षिकात मी एकदा नापास झालो होतो. बाबांनी फोनवर सांगितलं होतं, "आता नाही झालं तं सामान घेऊन ये गा. खाणीत काम पाहून ठेवलं तुह्यासाठी."

कॉलेजातल्या गाण्याच्या मॅडम समजावून थकल्या होत्या. "भूपात वादी ग, संवादी ध. देशकारात उलटं. वादी म्हणजे ज्याच्याकडे सारखं परतायचं तो सूर, संवादी त्याचा जोडीदार. देशकार वरच्या अंगात, म्हणजे प, ध, वरचा सां यांच्यात राहतो. चढताना रे वर रेंगाळू नकोस, उतरतानाही त्याला नुसता स्पर्श. ग प ध, प. हीच त्याची ओळख."

प्रतापनगरच्या खोलीवर मी तेवढंच घोकत होतो. खोलीतला मित्र वैतागला. "काहून एकच ओळ म्हणून राहिला बे? पुढचं येत नाही का तुले?"

"पुढचं आलं की राग बदलते," मी म्हणालो. तो हसला. मला हसू येईना.

परीक्षा सकाळीच होती. सुरुवात बरी झाली. सा ग प ध, प. धैवतावर, म्हणजे ध वर थांबलो, वरच्या सां ला गेलो, सां ध प करत परतलो. परीक्षकांनी मान हलवली तसा धीर आला, आणि खाली उतरताना बोटं मांडीवर नकळत कीबोर्ड वाजवू लागली. ध प ग, रे सा, सा रे ग... गंधारावर, भूपाच्या त्या ग वर येऊन मी मस्त विसावलो.

"अहो, आत्ता तर उजाडलंय," परीक्षक म्हणाले. "संध्याकाळ कशाला केलीत?"

भूप संध्याकाळनंतरचा, देशकार सकाळचा. मी पुन्हा धैवत धरायला गेलो. जेवढा सावरायला जाई, तेवढा त्या गंधाराकडेच ओढला जाई. मॅडम खाली पाहत होत्या.

निकाल कळल्यावर बाबांना फोन करून सांगितलं, पुन्हा नापास.

"सूर चुकले का गा?"

"नाही बाबा. एकही नाही चुकला."

"मंग नापास काहून?"

"थांबलो चुकीच्या जागी," एवढंच म्हणालो.

"मंग ये उद्या."

सीताबर्डीवर बसची वाट पाहत बॅग धरून बसलो आणि हळूच म्हणून पाहिलं. ग प ध, प. या वेळी देशकार होता. बस आली.