धाऊंनी पदरचं घातलेलं वाक्य

धाऊ भोईर दर अक्षय तृतीयेला शहापूरच्या एका सराफाची जाहिरात रिक्षातून माइकवर करायचे. गेल्या वर्षी मुरबाडच्या बाजारात आवाज असा चढला, की कागदावर नसलेलं वाक्य त्यांनी पदरचं घातलं, "आज घेतलेलं सोनं दुप्पट होतं हो!"

ते ऐकून सिद्धगडाखालच्या ठमीनं शेळ्या विकून कानातली फुलं घेतली. महिन्याभरात नवरा आजारी पडला नि ती फुलं मोडायला आली. भाव तेवढाच होता, पण घडणावळ आणि जीएसटी थोडाच परत मिळतो? "पैसा कमी कसा झाला?" ती विचारत राहिली. धाऊ दुकानातच होते. त्यांनी मान वर केली नाही.

यंदा त्यांनी जाहिरात स्वतः लिहून शेठपुढे ठेवली. "सणाला सोनं घ्यायची तुमची रीत असेल, तर जरूर या. हॉलमार्क बघा, पावती घ्या. घडणावळ वेगळी पडते. भाव चढतो, तसा उतरतोही."

"धाऊकाका, गिऱ्हाईक आणताय का पळवताय?" शेठ हसले.

"यातला खोटा काय हाय, तेवढा सांगा."

शेठनी कागद परत दिला. "बोला असंच."

मुरबाडला ठमी करवंदं विकत होती. तिनं रिक्षा थांबवून ओंजळभर करवंदं पुढे केली. "काका, औंदा बरा बोललास. गेल्या साली त्या शेठनं तुला खोटा बोलायला लावला ना?"

धाऊंनी माइक बंद केला. "नाय गो. तो मीच बोललो होतो."

ठमीनं ओंजळ हळूच परत आपल्याच पाटीत रिकामी केली.