मावशीची काळी पँट

माझी मावशी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी, शौचाचे नमुने दिवसभर हाताळते आणि दुपारी त्याच मजल्यावर शांतपणे डबा खाते. पण दुकानातल्या ट्रायल रूमचं नाव काढलं की ती नाक मुरडते. तिथला तो दमट वास, आरशावरचे बोटांचे ठसे आणि दहा बायकांच्या घामात भिजून पुन्हा हँगरवर चढलेला कपडा. तिला ते सगळं सहनच होत नाही.

गेल्या वेळी पँट घ्यायला गेली तेव्हा तर सेल्समनने भर दुकानात सांगितलं, "मॅडम, तुमच्या मापाचं आमच्याकडे बनत नाही." ती तशीच बाहेर पडली. तेव्हापासून दोन झिजलेल्या पँटींवर भागवत होती. त्यातल्या एकीची मांडीवरची शिवण कामावर वाकताना उसवली, तेव्हा कुठे तिने मला बोलावलं.

ऑनलाइन तिने कधीच काही मागवलं नव्हतं. तिची जाऊ मागवायची. तिच्याकडून एकाआड एक वस्तू परत जायची, आणि तेच मावशीला किळसवाणं वाटायचं. लोक घालून बघतात, परत पाठवतात आणि तेच पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जातं. मी म्हटलं, माप नीट बघितलंस तर परत पाठवायची वेळ बहुधा येणार नाही. तिला पटलं नाही, पण फोन घेऊन माझ्या शेजारी बसली.

पहिल्याच काळ्या पँटवर तिचं बोट थांबलं. ती 'एल' दाबायला निघाली, कारण तिच्या टॉपवर 'एल' लिहिलेलं असतं. मी थांबवलं आणि टेप काढली. कंबर अडतीस इंच भरली. नितंब, सगळ्यात रुंद जागी, चव्वेचाळीस. टेप तिथे फिरवताना तिने तोंड दुसरीकडे केलं होतं.

तक्त्यात 'एक्सएल'समोर चव्वेचाळीस होतं. ती म्हणाली, मग झालं की. पण तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की ही मापं कपड्याची आहेत, अंगाची नाहीत. कापड ताणणारंही नव्हतं.

"म्हणजे चव्वेचाळीसच्या अंगावर चव्वेचाळीसची पँट," मी म्हटलं. "उभी राहशील, बसशील कशी?"

"हे वर मोठ्या अक्षरात लिहायला काय झालं होतं यांना?" ती म्हणाली.

मग अभिप्राय उघडले. पाच तारेवाले बहुतेक नुसते 'मस्त', 'छान', 'वेळेवर आली'. तीन ठिकाणी तर एकच वाक्य शब्दशः, चुकीसकट. मावशीने तोंड वाकडं केलं. मी तिला फोटोवाले आणि कमी तारेवाले आधी वाचायला सांगितलं. एका बाईने स्वतःची उंची, नितंबाचं माप आणि घेतलेला साइज लिहिला होता: मावशीइतकंच अंग, 'एक्सएल' घेतली, बसलं की मांडीवर शिवण ताणते. मावशी पुढे सरकून वाचायला लागली.

त्याखालच्या फोटोत पँटच्या चेनजवळ पिवळट डाग होता. 'खिशात कुणाचा तरी वापरलेला टिश्यू निघाला,' असं लिहिलं होतं. आणखी दोघांची तीच तक्रार होती.

मावशीने फोन पलंगावर पालथा ठेवला आणि हात धुऊन आली. नुसता फोटो बघून! मला हसू येत होतं, पण तिचा चेहरा बघून आवरलं.

"या दुकानातून फुकट दिली तरी नको," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळाने तिनेच फोन उचलला आणि दुसरी पँट काढली. आता ती आधी तक्त्याखालची ओळ वाचत होती: मापं अंगाची. 'एक्सएल', नितंब चव्वेचाळीस, कंबर अडतीस ते चाळीस, मागे इलॅस्टिक. तिच्यासारख्या अंगाच्या तिघी-चौघींनी तक्त्याप्रमाणे घ्या असं लिहिलं होतं. धुतल्यावर लांबी थोडी आखडते, असंही होतं. तिने आपली जुनी पँट पलंगावर पसरून पायाची आतली शिवण मोजली. तक्त्याप्रमाणे नवी इंचभर लांब होती, म्हणजे आखडली तरी चालणार. डागाची तक्रार कुठे आहे का ते बघायला ती शेवटच्या अभिप्रायापर्यंत गेली. नव्हती. परत घेतात, हेही तिने वाचून घेतलं आणि मगच बटण दाबलं.

पार्सल आलं तेव्हा तिने लॅबमधले हातमोजे घालून ते उघडलं. खिसे उलटे केले, शिवणी उजेडात धरून बघितल्या, वासही घेतला. मग लेबल न काढता, आत लेगिंग्ज घालून पँट चढवली. बसली, उकिडवी झाली, खाली ठेवलेली बादली उचलून बघितली. कुठे ताणलं नाही.

"बसते," ती म्हणाली. आनंद म्हणावा असं चेहऱ्यावर काही नव्हतं.

लेबल कापून तिने पँट दोनदा धुतली. दुसऱ्या दिवशी ती घालूनच कामावर गेली, आणि संध्याकाळी मला फोन करून तसलीच निळी मिळते का विचारलं. माप तिने स्वतःच सांगितलं, मोठ्याने.