राहिलेल्या तीन खेपा

आई-बाबांनी लालबागच्या खोलीत बसून गावच्या घराचा हिशेब केला होता. तीन खोल्यांना नऊ हजार विटा लागणार होत्या. एक वीट साधारण तीन किलोची, म्हणजे सगळ्या मिळून सत्तावीस टन. नऊ टनांच्या ट्रकने तीन खेपांत काम झालं असतं, पण गावच्या ओढ्यावरचा साकव भरलेला ट्रक पेलणारा नव्हता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन टन, म्हणजे हजारच विटा बसायच्या. म्हणून बाबांनी भट्टीवाल्याला नऊ खेपा सांगितल्या.

सहा खेपा पडल्या आणि आई परळच्या इस्पितळात वारली. तेराव्यानंतर भट्टीवाल्याचा फोन आला.

"काका, तीन खेपा राहिल्यात. उद्यापासून पाठवू?"

"नको," बाबा म्हणाले. "दोन खोल्यांपुरत्या विटा आल्यात."

"आणि स्वयंपाकघर?"

बाबा म्हणाले, "ते तिला हवं होतं रे."

घर दोन खोल्यांचंच झालं. स्वयंपाकघराचा पाया मात्र बाबांनी बुजवू दिला नाही. गावी गेलो की संध्याकाळी ते त्या उघड्या जोत्यावर बसतात. मी चहा घेऊन जाते, आणि आम्ही दोघं तिथेच तो पितो.