अकरा दिवस चुकलेला पासवर्ड

आमच्या ऑफिसात लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहितात. दार किती सेकंद उघडं ठेवायचं, कोणत्या मजल्यावर आधी थांबायचं, असलं सगळं. त्यातलं निम्मं ज्यांनी लिहिलं, त्यांना आम्ही डायरीकाका म्हणायचो. डायरी त्यांनी कधी बाळगली नाही, सगळं डोक्यात. दहा वर्षांपूर्वीच्या बिघाडाची तारीखसुद्धा विचारा, फटकन सांगतील. आम्हाला त्याचा भारी वैताग यायचा, कारण आमच्या चुकाही त्यांच्या लक्षात राहायच्या.

पासवर्ड कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवणं त्यांना आळशीपणा वाटायचा. दिवसभराचं काम गिट नावाच्या प्रोग्रामने सर्व्हरवर पाठवायचं, म्हणजे पुश करायचं, तर रोज बावीस अक्षरं हाताने टाइप करायचे. त्यासाठी त्यांनी स्वतःच एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. पुश होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा पासवर्ड मागायची. बाकीची बडबड नको म्हणून गिटचे सगळे संदेश तिने परस्पर फेकून द्यावेत, अशी सोय त्यांनीच करून ठेवली होती.

एका सोमवारी संध्याकाळी तिने पासवर्ड मागितला, त्यांनी दिला. तिने पुन्हा मागितला. त्यांनी सावकाश दिला, टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत म्हणून एकेक कळ बघून. परत मागितला.

"बोटं म्हातारी झाली वाटतं," मी हसून म्हणाले. काका हसले नाहीत.

त्यांचे वडील शेवटची सहा वर्षं स्वतःच्या मुलाला 'आपण कोण?' विचारायचे. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी थट्टा केली. माझी जीभ मेली अशीच आहे.

मंगळवारी, बुधवारी तेच. मग ते टाइप करायच्या आधी डोळे मिटून ओठ हलवायला लागले. जेवणाच्या सुट्टीत एकदा मी म्हटलं, "त्या सर्व्हरच्या वेबसाइटवर लॉगिन करून बघा ना, तिथे पासवर्ड बदलता येईल." तर म्हणाले, "नको. तिथेही चुकला तर?" खरं सांगते, मला वाटलं, सुरुवात झाली. मी त्यांच्या कामाकडे चोरून बघायला लागले आणि साध्या चुकाही मला मोठ्या दिसायला लागल्या.

अकराव्या दिवशी त्यांनी साहेबांना निवृत्तीचं पत्र दिलं. साहेबांनी फार गोड बोलून ते घेतलं. काम माझ्याकडे आलं.

मी त्यांच्याच खुर्चीत बसले, ते शेजारी स्टुलावर. मला त्यांची स्क्रिप्ट वापरायची सवय नव्हती, म्हणून सरळ हाताने गिट पुश लिहिलं. त्यांनी पासवर्ड टाकला आणि स्क्रीनवर ओळी आल्या: पुशसाठी खात्याचा पासवर्ड चालण्याची सोय आता बंद केली आहे.

नेमकी हीच ओळ त्यांची स्क्रिप्ट रोज फेकून देत होती. अहो, ती नोटीस मला दोन महिन्यांपूर्वी मेलवर आली होती! मी माझ्यापुरती एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, बनवून मोकळी झाले होते. काकांचं खातं जुन्या मेलवर, तो ते उघडतसुद्धा नाहीत. आणि रोज शेजारी बसणारी मी मूर्ख.

"आता वेबसाइट उघडा," मी म्हटलं. त्यांनी बावीस अक्षरं टाकली. पहिल्या झटक्यात आत. तिथे आम्ही टोकन, म्हणजे पुशसाठीचा लांबलचक कोड, बनवलं, पासवर्डच्या जागी ते चिकटवलं आणि अकरा दिवसांचं काम दोन सेकंदांत गेलं.

"काका, तुमचा पासवर्ड बरोबरच होता. रोज बरोबर होता!"

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "हिला सांग. मी सांगून पटणार नाही, तू सांग." मी काकूंना फोन लावला, स्पीकरवर. पासवर्ड, टोकन, बंद झालेली सोय, सगळं समजावलं. काकूंनी नीट ऐकून घेतलं. दहा दिवसांत त्यांनी डॉक्टर गाठला होता, स्कूटरची चावी लपवली होती, लेकीला बोलावून घेतलं होतं.

"कळलं गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तू पण त्यांना असंच सांगत जा. त्यांना बरं वाटतं."

काका तिथेच होते. त्यांनी हात लांब करून फोन बंद केला.

"काका, पत्र परत घ्या ना. साहेब देतील."

"तुला तरी खात्री आहे ना? माझ्याबद्दल?"

मी हो म्हणाले. पण जरा थांबून म्हणाले, आणि ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पत्र परत घेतलं नाही.