क्लासमध्ये पुसली गेलेली यादी

एका बाईला मी भर वर्गात खोटं ठरवलं, आणि चूक माझी होती.

शिरूरात दुकानांच्या वरच्या हॉलमध्ये मी वेब डिझाइन शिकवतो. शिकवतो म्हणजे आदल्या दिवशी व्हिडिओ बघायचा आणि दुसऱ्या दिवशी तो आपल्याच डोक्यातून आल्यासारखा सांगायचा. पोरं मेल उघडा टाकून घरी जात आणि मागून येणारे त्यात उचापती करत. म्हणून प्रत्येक मशीनवर ब्राउझरचा आयकॉन मी असा लावला, की त्यावर क्लिक केलं की इनकॉग्निटो विंडोच उघडावी. बंद केली की आतलं सगळं पुसलं जावं. या अकलेची मला ऐट होती.

प्रॅक्टिकलला विषय दिला कामांच्या यादीचा. ब्राउझर बंद करून उघडला तरी यादी राहिली पाहिजे. ही बाई वडगाव रासाईची, रांजणगावला कंपनीत लाइनवर उभी राहणारी. सर्टिफिकेट आणलं तर ऑफिसात कॉम्प्युटरवर बसवतो, असं सुपरवायझरने तिला सांगितलं होतं.

तिने चार कामं टाकली. रिफ्रेश केलं, यादी राहिली; बाकीच्यांच्या याद्या रिफ्रेशलाच उडाल्या होत्या. मी विंडो बंद करून उघडली. कोरी.

“सर, घरी राहतंय. लॅपटॉप बंद करून बघितलाय.”

“घरचा कॉम्प्युटर माहेरचा दिसतोय. लाड करतो.”

वर्ग हसला. मला तेच हवं होतं.

“कोड तरी वाचा, सर.”

मी वाचल्यासारखं केलं. यादी JSON.stringify ने मजकूर करून localStorage मध्ये, म्हणजे ब्राउझरच्या कायमच्या कप्प्यात ठेवलेली, पान उघडताना तीच परत काढून JSON.parse ने पुन्हा यादी केलेली. सगळं जागच्या जागी होतं. “कॉपी मारलीय,” म्हणालो आणि नापास केलं.

रविवारी मी दौंडच्या बॅचला जातो. तिथंही आयकॉन माझेच. तशीच यादी मी स्वतः ऐटीत करून दाखवली, बंद केली, उघडली. कोरी.

“सर, ह्ये तर गेलं की,” पुढचा पोरगा म्हणाला.

“मशीन जुनी हाय,” मी ठोकून दिलं.

वर्ग सुटल्यावर खुर्चीत बसून त्या इनकॉग्निटोच्या काळ्या विंडोकडे बघत राहिलो. localStorage मधलं ब्राउझर बंद केल्यावरही राहतं, पण इनकॉग्निटोत ठेवलेलं विंडोबरोबर जातं. हे मीच शिकवलं होतं. पाठ होतं, कळलेलं नव्हतं. अशा माणसाला लोक सर म्हणतात.

पुढच्या तासाला ती शेवटच्या बाकावर बसली होती. तिला पुढं बोलावलं, साधी विंडो उघडून दिली. तिने एकच काम टाकलं, बंद केलं, उघडलं. काम तिथंच होतं. ती माझ्याकडे बघेना.

हसला तोच वर्ग समोर होता. मी म्हणालो, “यांची यादी बरोबर होती, पुसणारी विंडो मी लावलेली होती. ताई, तुम्ही पास आहात. तुम्हाला चोर म्हणालो आणि वर सगळ्यांना हसवलं. माझं चुकलं, मला माफ करा.”