विजेपुढचं शून्य

बोईसरच्या भाड्याच्या खोलीत भगवंत सराव परीक्षेतल्या चुकांचा तक्ता करत होता. चार दिवसांवर ऑपरेटरची परीक्षा आली होती. नापास झाला तर तारापूरच्या कारखान्यातली तात्पुरती नोकरी जाणार होती. प्रकरणवार चुका त्याने मांडल्या: वाफ पाच, पंप तीन, वीज शून्य. मग वाफेच्या प्रकरणाचा सारांश पुन्हा लिहायला घेतला.

त्याच खोलीत राहणारे नागोराव उत्तरपत्रिका चाळत म्हणाले, “विजेचे सहा प्रश्न सोडलेस की रे. न खेळताच नाबाद?”

विजेच्या प्रकरणाला भगवंत इतका भ्यायचा, की कोऱ्या जागा त्याने चुकांत धरल्याच नव्हत्या. त्याने शून्य खोडून सहा लिहिले, पुढे ‘प्रकरण सातवे’ लिहिले, आणि विजेचे ते प्रकरण उघडले.