धरणकाठचं गवत

परळच्या जनावरांच्या दवाखान्यात मी प्रयोगशाळेत मदतनीस आहे. शेण तपासणं हे माझं रोजचं काम. त्या सोमवारी धाकटा भाऊ गावाहून शेणाचे तीन डबे घेऊन थेट तिथेच आला.

"अक्का, दोन मेंढ्या गेल्या," तो म्हणाला. "एक तर सकाळी चांगली चरत होती. बाकीच्यांच्या जबड्याखाली पाणी भरलंय. गाय आटलीय, पातळ हगते."

मोबाईलवर त्याने गाईच्या पापणीचा फोटो दाखवला. आतली बाजू पांढरीफटक होती.

मी शेण पाण्यात कालवलं, गाळलं, निमुळत्या ग्लासात ठेवलं. गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतून टाकायचं, पुन्हा भरायचं. शेवटच्या गाळात निळ्या रंगाचा थेंब टाकून मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. निळ्यात मोठी, पिवळी, एका टोकाला झाकण असलेली अंडी. तिन्ही डब्यांत.

"पर्णकृमी," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "पानासारखे चपटे किडे. यकृतात, पित्ताच्या नळ्यांत राहतात. चरायला कुठे सोडता?"

"धरणाच्या काठाला."

"तिथे गोगलगायी आहेत?"

"चिखलात खच पडलेला असतो."

मॅडमनी सांगितलं, शेणातली अंडी पाण्यात फुटतात, पिल्लं गोगलगायीत शिरून वाढतात, मग बाहेर पडून ओल्या गवताला चिकटतात. तेच गवत जनावर खातं. "वजनाप्रमाणे औषध देऊ. किती दिवस दूध विकायचं नाही, ते चिठ्ठीवर लिहिते. पण परत त्याच काठावर सोडलीत, तर परत हेच होणार."

भावाने चिठ्ठी खिशात घातली. बाहेर आल्यावर म्हणाला, "दुसरीकडे कुठे सोडू? आपला माळ धरणाच्या पाण्याखाली गेला तेव्हा तू इकडेच होतीस."

रात्रीपुरता तो आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत राहिला. जेवताना मी म्हटलं, "जनावरं इकडे आणता आली असती तर." तो हसला नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आधीच चौघं राहत होतो.

गावी जाऊन त्याने औषध पाजलं. काठाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. गोठ्यात हौद बांधला आणि त्याची बायको विहिरीचं पाणी आणून तो भरू लागली. गाईला कडबा पुरला, मेंढ्यांना पुरेना. सूज उतरल्यावर त्याने मेंढ्या दूरच्या कोरड्या माळाकडे जाणाऱ्या एका मेंढपाळाला देऊन टाकल्या. फोनवर एवढंच म्हणाला, "गोठा मोकळा वाटतो."

त्याने पाठवलेल्या गाईच्या शेणाच्या पुढच्या नमुन्यात अंडी दिसली नाहीत. मी लगेच कळवलं.

"मग सोडू का गाय? कडबा संपत आलाय."

धरण तेव्हा भरत होतं. पाणी चढलं की कुंपण बुडतं आणि गोगलगायींसकट चिखल गोठ्याजवळ येतो, हे मला ठाऊक होतं.

"नको," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "मग उद्या कडबा विकत बघतो."